एकच सूत्र, साऱ्या आकड्यांना

पुण्यातल्या साड्यांच्या दुकानांची एक साखळी डोळ्यांसमोर आणू या. साखळी आणि तिचे आकडे कल्पित आहेत. पण हिशेबाची पद्धत तीच आहे, जी आज अनेक व्यवसायांत चालते. दिवस आहे १३ ऑगस्ट २०२५. दुकानांच्या बिलांची माहिती रोज रात्री पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये जमा होते. सकाळी मालक संगणकावर रिपोर्ट उघडतात. ऑगस्टची विक्री १८ लाख रुपये, असे त्यांना दिसते. पण नुसत्या या आकड्याने त्यांचे समाधान होत नाही. या महिन्यात आजपर्यंत किती? एप्रिलपासून, म्हणजे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून किती? गेल्या वर्षी याच काळात किती होती? आणि वाढ किती टक्के?

हेच प्रश्न मग नफ्यासाठी येतात, विकलेल्या नगांसाठी येतात, बिलांची संख्या, दिलेली सवलत, परत आलेला माल, ग्राहकांची संख्या यांसाठीही येतात. असे मोजायचे मूळ आकडे बारा आहेत असे धरले, आणि प्रत्येकाची काळानुसार पाच रूपे हवी असली, तर साठ नवी सूत्रे लिहावी लागतात. मूळची बारा धरून एकूण बहात्तर.

ही सूत्रे ज्या भाषेत लिहितात तिचे नाव डॅक्स. मायक्रोसॉफ्टने एक्सेल २०१० सोबतच्या पॉवरपिव्हट या पूरक साधनातून ती पहिल्यांदा लोकांपुढे आणली, आणि आज ती पॉवर बीआयच्या हिशेबाचा कणा आहे. या भाषेत लिहिलेल्या एकेका सूत्राला मेजर म्हणतात. जुन्या पद्धतीने लिहिलेले दोन मेजर असे दिसतात:

```
Sales YTD =
CALCULATE ( [Sales], DATESYTD ( 'Date'[Date], "3-31" ) )

Profit YTD =
CALCULATE ( [Profit], DATESYTD ( 'Date'[Date], "3-31" ) )
```

दोन्हींत फरक फक्त चौकटी कंसातल्या नावाचा आहे. बाकीचा मजकूर अक्षरशः एकच. असे बारा मेजर लिहिणे कंटाळवाणे असते, पण खरी अडचण लिहिण्याची नाही, नंतरच्या दुरुस्तीची आहे. सहा महिन्यांनी नियमात काही बदल करायचा ठरले, की तो बारा ठिकाणी करावा लागतो. त्यातल्या अकरा ठिकाणी झाला आणि एका ठिकाणी राहून गेला, तर रिपोर्ट बंद पडत नाही, लाल अक्षरांत सूचनाही येत नाही. फक्त एक आकडा बाकीच्यांशी जुळेनासा होतो, आणि ते कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्यावर निर्णय घेऊन झालेले असतात.

यावर मायक्रोसॉफ्टने २०१९ साली उपाय आणला, तो म्हणजे कॅल्क्युलेशन ग्रुप. आधी तो एसक्यूएल सर्व्हर २०१९ च्या अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसमध्ये आला. २०२० पासून पॉवर बीआयमध्येही तो वापरता येऊ लागला, पण त्यासाठी डॅनिएल ओटिकियर यांनी तयार केलेल्या टॅब्युलर एडिटरसारख्या बाहेरच्या साधनाची मदत घ्यावी लागे. २०२३ च्या अखेरीस ही सोय पॉवर बीआय डेस्कटॉपमध्येच मिळाली. आता मॉडेल व्ह्यूमध्ये जाऊन वरच्या पट्टीवरचे `Calculation group` हे बटण दाबले की नवा ग्रुप तयार होतो.

दिसायला हा ग्रुप म्हणजे एक छोटा तक्ता. त्यात नावांचा एक स्तंभ असतो, आणि प्रत्येक नावामागे एक सूत्र असते. या नोंदींना कॅल्क्युलेशन आयटम म्हणतात. आपल्या साखळीसाठी सहा नोंदी पुरतात: चालू आकडा, महिन्यात आजवर, वर्षात आजवर, गेले वर्ष, गेल्या वर्षात तोवर, आणि टक्केवारीतली वाढ. वर्षात आजवरची नोंद अशी:

```
YTD =
CALCULATE (
    SELECTEDMEASURE (),
    DATESYTD ( 'Date'[Date], "3-31" )
)
```

इथे `[Sales]` नाही, `[Profit]` नाही. त्यांच्या जागी `SELECTEDMEASURE()` आहे. त्या क्षणी रिपोर्टमध्ये जो मेजर मागितला असेल, तो या जागी येऊन बसतो. तक्त्याच्या ओळींत महिने, स्तंभांत या ग्रुपमधली नावे आणि मधल्या चौकटींत विक्री ठेवली, की विक्रीची सहाही रूपे शेजारीशेजारी दिसतात. विक्री काढून नफा ठेवला, की त्याच सहा स्तंभांत नफा दिसू लागतो. बारा मेजर आणि सहा नोंदी अशा अठरा सूत्रांत बहात्तरांचे काम होते. उद्या तेरावा मेजर आला तर त्याची सहाही रूपे आपोआप हजर असतात.

एक बारकावा मात्र लक्षात घ्यावा लागतो. एका ग्रुपमधली एका वेळी एकच नोंद लागू होते. म्हणून गेले वर्ष आणि वर्षात आजवर या दोन नोंदी एकत्र निवडून गेल्या वर्षात तोवरचा आकडा मिळत नाही. त्यासाठी तिसरी, स्वतंत्र नोंद लिहावी लागते. रिपोर्ट वाचणाऱ्याने निवडीच्या यादीतून एकदम दोन नावांवर टिचकी मारली, तर एकही नोंद लागू होत नाही आणि मूळ आकडाच दिसतो. म्हणून ती यादी एकच पर्याय निवडता येईल अशी बांधून ठेवलेली बरी.

सूत्रातल्या `"3-31"` या छोट्या तुकड्याकडे नीट पाहायला हवे. `DATESYTD` ला काही सांगितले नाही, तर ते १ जानेवारीपासून मोजते. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. समजा साखळीची एप्रिल ते जुलै विक्री १३० लाख आहे. ऑगस्टचे १८ लाख धरून १२ ऑगस्टपर्यंतचा खरा आकडा १४८ लाख. वर्षअखेरीची तारीख लिहायची राहून गेली, तर त्यात जानेवारी ते मार्चची विक्री मिसळते. ती ९६ लाख असली, तर रिपोर्ट २४४ लाख दाखवेल. चूक पकडायची सोपी खूण एप्रिलच्या ओळीत असते. तिथे महिन्याचा आकडा आणि वर्षात आजवरचा आकडा अगदी सारखे असले पाहिजेत. ते वेगळे दिसले, की वर्ष चुकीच्या जागी सुरू झाले आहे.

जुन्या पद्धतीत ही तारीख बारा वेळा, आणि गेल्या वर्षाच्या सूत्रांत आणखी बारा वेळा लिहावी लागली असती. ग्रुपमध्ये ती ज्या एकदोन नोंदींत येते, तेवढ्याच तपासायच्या.

आता गेल्या वर्षाशी तुलना. डॅक्समध्ये त्यासाठी `SAMEPERIODLASTYEAR` हे तयार फंक्शन आहे. समोर जो काळ असेल तो बरोबर एक वर्ष मागे सरकवायचा, एवढेच ते करते. ऑगस्ट २०२५ च्या ओळीत ते ऑगस्ट २०२४ आणून ठेवते. पण पूर्ण ऑगस्ट, एकतीस दिवसांचा! यंदाच्या महिन्याचे मात्र बाराच दिवस झालेले आहेत.

आपल्या साखळीची ऑगस्ट २०२४ ची पूर्ण विक्री ४२ लाख होती असे धरू. १८ लाखांची तुलना ४२ लाखांशी झाली, की रिपोर्ट ५७ टक्क्यांची घट दाखवतो. प्रत्यक्षात गेल्या वर्षी १ ते १२ ऑगस्टची विक्री १५ लाख होती, म्हणजे धंदा २० टक्क्यांनी वाढलेला आहे. वाढीची बातमी घसरणीची बनून मालकापुढे जाते, आणि यात सॉफ्टवेअरची काहीच चूक नसते. जे विचारले, त्याचेच उत्तर त्याने दिलेले असते.

यावरचा उपाय तारखांच्या तक्त्यात आहे. पॉवर बीआयमध्ये असा हिशेब करताना तारखांचा वेगळा तक्ता ठेवतात. त्यात दर दिवसाची एक ओळ असते, मधला एकही दिवस गाळलेला नसतो, वर्षे पूर्ण असतात, आणि हा तारखांचा तक्ता आहे अशी त्यावर खूण केलेली असते. या तक्त्यात आणखी एक स्तंभ घालायचा. ज्या दिवसापर्यंत विक्रीची नोंद आली आहे, तिथवर त्यात खरे, पुढे खोटे. गेल्या वर्षाची नोंद मग अशी होते:

```
PY =
CALCULATE (
    SELECTEDMEASURE (),
    CALCULATETABLE (
        SAMEPERIODLASTYEAR ( 'Date'[Date] ),
        'Date'[HasSales] = TRUE
    )
)
```

आधी ऑगस्ट २०२५ मधले फक्त नोंद असलेले बारा दिवस निवडले जातात, आणि मग तेवढेच मागे सरकतात. गेल्या वर्षात तोवरच्या नोंदीत हेच करायचे. फक्त `SAMEPERIODLASTYEAR` च्या आत `DATESYTD` घालायचे. त्यामुळे १ एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२४ एवढाच काळ समोर येतो. एप्रिल ते जुलै २०२४ चे ११० लाख आणि ऑगस्टचे १५ लाख धरले तर तो आकडा १२५ लाख. यंदाचे १४८ लाख त्याच्या पुढे १८.४ टक्क्यांनी आहेत. ही दुरुस्ती एका नोंदीत केली, आणि विक्रीपासून परत आलेल्या मालापर्यंत बाराही आकडे सुधारले. कॅल्क्युलेशन ग्रुपचे खरे मोल इथे कळते.

याच स्तंभाचा आणखी एक उपयोग आहे. वर्षात आजवरचा आकडा आलेखात काढला, तर सप्टेंबरपासून मार्चपर्यंत एक सपाट रेघ दिसते, कारण न उजाडलेल्या महिन्यांतही ऑगस्टचीच बेरीज पुढे नेली जाते. अशी रेघ दिसली, तर नोंद नसलेल्या महिन्यांची जागा कोरी ठेवणारी अट त्या आयटममध्ये घालायची राहिली आहे असे समजावे.

एक शंका बहुतेकांना येते. बेरीज होणारे आकडे ठीक, पण नफ्याच्या टक्केवारीचे काय? एप्रिलमध्ये साखळीची विक्री २० लाख आणि नफा २ लाख होता, म्हणजे १० टक्के. लग्नसराईच्या मे महिन्यात विक्री ४० लाख आणि नफा १० लाख, म्हणजे २५ टक्के. या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी साडेसतरा येते, बेरीज पस्तीस येते, आणि दोन्ही उत्तरे चूक आहेत. खरे उत्तर ६० लाखांवर १२ लाख, म्हणजे २० टक्के.

कॅल्क्युलेशन ग्रुप हेच २० टक्के देतो. कारण महिन्यांची तयार उत्तरे तो जोडत बसत नाही. तो आधी तारखांची खिडकी एप्रिल-मे एवढी रुंद करतो, आणि त्या खिडकीत टक्केवारीचा मेजर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतो. ग्राहकांच्या संख्येचेही तसेच. एप्रिलमध्ये ८०० आणि मेमध्ये ७०० वेगवेगळे ग्राहक आले असतील, तरी वर्षात आजवरचा आकडा १५०० होईलच असे नाही. दोन्ही महिन्यांत आलेला ग्राहक एकदाच मोजला जातो, आणि ते योग्यच आहे.

मात्र सगळेच मेजर या रांगेत बसत नाहीत. दुकानातला शिल्लक माल रोज मोजून नोंदवला जात असेल आणि त्याचा मेजर साधी बेरीज करत असेल, तर वर्षात आजवरचा साठा म्हणून रोजच्या शिलकांची निरर्थक बेरीज समोर येते. माहिती शेवटची कधी अद्ययावत झाली हे मजकुरात सांगणारा मेजर असेल, तर त्याची टक्केवारीतली वाढ काढताना चूकच येते. अशा मेजरना वगळण्यासाठी `ISSELECTEDMEASURE` हे फंक्शन आहे. समोर अमुक मेजर असेल तर त्याला हात लावू नकोस, असे आयटमच्या सूत्रातच सांगता येते.

आकडा कसा दिसावा हेही प्रत्येक नोंदीला वेगळे सांगता येते. विक्री रुपयांत दिसते, नग नुसत्या संख्येत, पण वाढ कशाचीही असली तरी टक्क्यांत दिसायला हवी. वाढीच्या नोंदीला `"0.0%"` असे रूप दिले, की ०.१८४ ऐवजी १८.४ टक्के दिसते. बाकीच्या नोंदींना वेगळे रूप दिले नाही, तर मूळ मेजरचे रूप तसेच राहते.

महाराष्ट्रातल्या दुकानदाराची खरी कसोटी यापुढे आहे. त्याचे वर्ष नुसत्या तारखांवर चालत नाही. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली. त्यामुळे चतुर्थीआधीच्या आठवड्याची खरेदी २०२४ मध्ये बहुतेक सप्टेंबरमध्ये पडली, तर २०२५ मध्ये ती पूर्ण ऑगस्टमध्ये आली. अशा वेळी ऑगस्टची ऑगस्टशी तुलना तारखांच्या दृष्टीने अचूक असते आणि व्यवसायाच्या दृष्टीने दिशाभूल करणारी. ऑगस्ट फुगलेला दिसतो, सप्टेंबर पडलेला दिसतो.

या दोन चतुर्थींमध्ये ३५४ दिवसांचे अंतर आहे. मग तारखा ३५४ दिवस मागे सरकवाव्यात असे वाटेल. पण २०२६ मध्ये अधिक मास असल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे २०२५ च्या चतुर्थीपासून ३८३ दिवसांनी. सूत्रात ३५४ लिहून ठेवणाऱ्याचा हिशेब पुढच्याच वर्षी महिनाभराने चुकेल. म्हणून हा आकडा सूत्रात न ठेवता तारखांच्या तक्त्यात ठेवावा. चतुर्थीच्या आगेमागच्या दरेक दिवसासमोर आधीच्या वर्षी चतुर्थीपासून तितक्याच अंतरावर असलेला दिवस लिहायचा. २० ऑगस्ट २०२५ हा दिवस चतुर्थीच्या सात दिवस आधीचा, म्हणून त्याच्यासमोर ३१ ऑगस्ट २०२४. मग सातवी नोंद लिहायची:

```
Ganpati PY =
CALCULATE (
    SELECTEDMEASURE (),
    TREATAS (
        CALCULATETABLE (
            VALUES ( 'Date'[GanpatiPY] ),
            'Date'[HasSales] = TRUE
        ),
        'Date'[Date]
    ),
    REMOVEFILTERS ( 'Date' )
)
```

समोरच्या दिवसांच्या जोडीदार तारखा आधी गोळा केल्या जातात, आणि तारखांच्या तक्त्यावरची जुनी निवड बाजूला सारून त्यांच्यावर हिशेब होतो. एवढे केले, की विक्री, नफा, सवलत, ग्राहक या सगळ्यांची गणपती ते गणपती तुलना तयार. जुन्या पद्धतीत हाच विचार मनात आला असता, तर आणखी बारा मेजर लिहिण्याच्या कल्पनेनेच बहुतेकांनी तो सोडून दिला असता.

ग्रुप तयार करताना एक सूचना येते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॉवर बीआयमध्ये एखादा आकड्यांचा स्तंभ थेट ओढून रिपोर्टमध्ये टाकला, की त्याची बेरीज आपोआप होते. कॅल्क्युलेशन ग्रुप आला की ही सोय बंद होते, कारण ग्रुपमधली सूत्रे फक्त लिहून ठेवलेल्या मेजरवर चालतात, आपोआप झालेल्या बेरजेवर नाही. ज्या कार्यालयात अनेकजण स्वतःचे रिपोर्ट स्तंभ ओढूनच बनवतात, तिथे हा बदल आधी सांगितला नाही तर सोमवारी सकाळी तक्रारी येणार. लागणारे मेजर आधी लिहून घ्यावेत आणि मगच ग्रुप करावा, हा क्रम सोयीचा.

ज्याच्या रिपोर्टमध्ये दोन-तीनच मेजर आहेत आणि ते वाढण्याची शक्यता नाही, त्याने जुन्या पद्धतीने लिहिले तरी काही बिघडत नाही. मेजर दहाच्या पुढे गेले आणि रिपोर्ट एकाहून अधिक माणसे सांभाळत असली, तर कॅल्क्युलेशन ग्रुप करावाच. फक्त एक जाणीव ठेवावी: एका जागी केलेली दुरुस्ती जशी सगळीकडे पोचते, तशी एका जागी झालेली चूकही पोचते. म्हणून कोणतीही नोंद लिहिली किंवा बदलली, की तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. एप्रिलचा आकडा त्याच्या वर्षात आजवरच्या आकड्याशी जुळतो का, चालू अर्धवट महिन्याची गेल्या वर्षाशी तुलना तेवढ्याच दिवसांची आहे का, आणि एखाद्या पूर्ण झालेल्या महिन्याची बेरीज दुकानाच्या हिशेबवहीशी मिळते का. तिन्ही जुळले, तर रिपोर्ट मालकापुढे ठेवायला हरकत नाही.